पावसाचा पट्टा उत्तरेला सरकतो तेव्हा

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत भारतावर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो. वर्षभराच्या पावसाचा जवळजवळ तीनचतुर्थांश वाटा याच काळातला असतो. ही सरासरी १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची आहे आणि एखाद्या वर्षीचा पाऊस तिच्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी किंवा जास्त होतो. १९१८ सारख्या अत्यंत वाईट वर्षीही देशभरातली तूट सुमारे पाव हिश्श्याची होती. मोसमी पाऊस आलाच नाही, असे कधी घडलेले नाही. पण देशाच्या सरासरीतली दहा टक्क्यांची तूट प्रत्येक जिल्ह्यात सारखी वाटली जात नाही. काही ठिकाणी पाऊस भरून वाहतो आणि काही ठिकाणी तो निम्म्यावर येतो. शिवाय तूट नेमकी पेरणीच्या किंवा पीक फुलोऱ्यात असतानाच्या दिवसांत पडली, तर नंतर कितीही पाऊस झाला तरी गेलेले पीक परत येत नाही. म्हणून हा पाऊस मुळात का येतो आणि दरवर्षी कमीजास्त का होतो, हे दोन्ही प्रश्न एकत्रच पाहावे लागतात. पहिल्याचे उत्तर नीट लागले की दुसऱ्याची वाट सापडते.

पहिल्या प्रश्नाचे शाळेतले उत्तर बहुतेकांना पाठ असते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाब तयार होतो आणि समुद्रावरची दमट हवा तिकडे धावते. इंग्रज शास्त्रज्ञ एडमंड हॅली याने १६८६ मध्ये ही कल्पना मांडली. किनाऱ्यावर रोज दुपारी वाहणारे खारे वारे जसे, तसेच मोसमी वारे, फक्त फार मोठ्या आकाराचे, असा तिचा अर्थ.

या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. जमीन तापल्यामुळेच पाऊस येत असेल, तर तो मे महिन्यात सर्वांत जास्त पडायला हवा. विदर्भात मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, पण तिथला भर पावसाचा काळ जुलै-ऑगस्टचा, म्हणजे जमीन बरीच निवल्यानंतरचा. दुसरी अडचण याहून मोठी आहे. ज्या वर्षी पाऊस कमी पडतो, त्या वर्षी पावसाळ्यातली जमीन नेहमीपेक्षा जास्त तापलेली असते. जास्त तापलेली जमीन जास्त पाऊस ओढत असती, तर दुष्काळी वर्षे उलट भरघोस पावसाची ठरली असती. भारतीय हवामान खात्यात काम केलेले जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ मध्येच हा आक्षेप घेतला होता. तिसरी गोष्ट नकाशावरच दिसते. उन्हाळ्यात हवेचा सर्वांत कमी दाब राजस्थान आणि पाकिस्तानच्या सीमेजवळ असतो, आणि तरीही तो भाग कोरडा राहतो. तापलेल्या जमिनीमुळे तयार होणारा तिथला कमी दाब उथळ असतो. त्याच्यावर कोरडी हवा खाली उतरत असते आणि ती ढगांना वर चढू देत नाही. यंदा उकाडा फार आहे म्हणजे पाऊस चांगला होणार, हा गावोगावी ऐकू येणारा अंदाज म्हणूनच टिकत नाही.

अधिक पटणारे उत्तर विषुववृत्ताजवळ सापडते. तिथे उत्तर गोलार्धातून ईशान्येचे आणि दक्षिण गोलार्धातून आग्नेयेचे असे दोन व्यापारी वारे एकमेकांना भेटतात. भेटलेली हवा वर चढते, थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात आणि पाऊस पडतो. उपग्रहाच्या चित्रात पृथ्वीभोवतीचा हा ढगांचा पट्टा स्पष्ट दिसतो. सूर्य उत्तरेकडे सरकला की पट्टाही त्याच्यामागून उत्तरेला जातो आणि सूर्य दक्षिणेला वळला की तोही माघारी फिरतो. प्रशांत महासागराच्या मोठ्या भागावर ही ये-जा फारशी नसते. तिथे पट्टा वर्षाचा बहुतेक काळ विषुववृत्ताच्या उत्तरेला ५ ते १० अंशांच्या दरम्यानच राहतो. भारताच्या रेखांशावर मात्र तो जानेवारीत विषुववृत्ताच्या दक्षिणेला असतो आणि जुलैत थेट २०-२५ अंश उत्तरेपर्यंत, म्हणजे गंगेच्या मैदानापर्यंत चढतो. भारतीय पावसाळा म्हणजे या पट्ट्याचा भारतावरचा मुक्काम.

तापलेल्या जमिनीचे खरे काम इथे लक्षात येते. जमीन स्वतः पाऊस पाडत नाही, ती पट्ट्याला इतक्या उत्तरेपर्यंत वाट करून देते. समुद्राचे पाणी उष्णता खोलवर मुरवून घेते, त्यामुळे त्याचे तापमान सूर्यामागे फार हळू बदलते. जमीन काही आठवड्यांतच तापते. विषुववृत्ताच्या उत्तरेला एवढी मोठी जमीन आणि दक्षिणेला नुसता समुद्र, अशी मांडणी हिंदी महासागराच्या वाट्याला आल्यामुळेच पट्टा इथे एवढा प्रवास करतो. हिमालयाचा वाटाही मोठा आहे. त्याची भिंत मध्य आशियातली थंड, कोरडी हवा खाली येऊ देत नाही, म्हणून तिच्या दक्षिणेला उष्ण आणि दमट हवेचा साठा टिकून राहतो. तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापते आणि तेच मान्सूनला खेचते, असे पूर्वी सांगितले जाई. २०१० मध्ये संगणकी प्रारूपांवर केलेल्या अभ्यासात पठार काढून टाकले आणि हिमालयाची अरुंद रांग तेवढी ठेवली, तरी भारतावरचा पावसाळा बहुतांशी तसाच राहिला.

आता वाऱ्यांची दिशा. दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे मादागास्करच्या पूर्वेकडील उच्च दाबाच्या प्रदेशातून निघतात आणि पट्ट्याच्या ओढीने विषुववृत्त ओलांडतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहणारा वारा आपल्या उजवीकडे वळतो. त्यामुळे आग्नेयेकडून आलेले हे वारे विषुववृत्तापलीकडे वळण घेऊन नैर्ऋत्येकडून येऊ लागतात. वळणावर पूर्व आफ्रिकेचा डोंगराळ प्रदेश आहे. त्याला अडून हवा सोमालियाच्या किनाऱ्याजवळ एका अरुंद झोतात गोळा होते. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर या झोताचा वेग ताशी ८०-९० किलोमीटरपर्यंत जातो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिन्डलेटर यांनी १९६० च्या दशकात त्याचा सविस्तर माग काढला. अरबी समुद्रावरून येताना हा झोत प्रचंड बाष्प उचलतो आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो.

एकदा पाऊस सुरू झाला की तो स्वतःच वाऱ्यांना बळ देतो. वाफेचे पाणी होताना दर ग्रॅममागे जवळजवळ ६०० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती उष्णता ढगांच्या उंचीवरची हवा तापवते, हवा आणखी वर चढते, खालचा दाब आणखी उतरतो आणि समुद्रावरून आणखी बाष्प ओढले जाते. मेमध्ये हे चक्र चालू नसते, कारण जमीन तापलेली असली तरी खोलवरचे बाष्प नसते. जूनमध्ये बाष्प आले की चक्र फिरू लागते आणि जमीन निवली तरी थांबत नाही. मे आणि जुलैचे कोडे असे सुटते.

मान्सून केरळात आला हे हवामान खाते आभाळाकडे पाहून ठरवत नाही. लक्षद्वीपमधील मिनिकॉयपासून मंगळुरूपर्यंत १४ ठरलेली केंद्रे आहेत. १० मेनंतर त्यांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला पाहिजे. त्याबरोबर पश्चिमेकडचे वारे पुरेशा उंचीपर्यंत आणि पुरेशा वेगाने वाहत असले पाहिजेत, आणि अरबी समुद्रावर खरोखर दाट ढग आहेत हे उपग्रहाच्या मापनातून दिसले पाहिजे. नुसत्या पावसावर विसंबले तर वळवाच्या सरींनाही मान्सून म्हणावे लागेल. या कसोटीने केरळातले आगमन सरासरीने १ जूनला, मुंबईतले ११ जूनच्या सुमारास होते, आणि ८ जुलैपर्यंत देश व्यापला जातो. परतीचा प्रवास वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो.

लवकर आगमन म्हणजे चांगला पावसाळा, असे समीकरण मांडले जाते, पण आकडे त्याला आधार देत नाहीत. २००९ मध्ये मान्सून २३ मेला केरळात पोहोचला आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या ७८ टक्केच पाऊस झाला. २०२५ मध्ये तो २४ मेला केरळात आणि २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, आणि नंतर जवळजवळ पंधरवडा पुढे सरकलाच नाही. मेच्या अखेरीस ज्यांनी घाईने पेरले, त्यांच्यापुढे दुबार पेरणीचे संकट उभे राहते ते अशाच वर्षी. आगमनाची तारीख त्या आठवड्यातल्या समुद्री हवामानावर ठरते. चार महिन्यांच्या पावसाची कारणे वेगळी असतात.

महाराष्ट्रात या वाऱ्यांची वाट सह्याद्री अडवतो. घाट चढताना हवा थंड होते आणि पाणी सोडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून खाली उतरणारी हवा तापते, ढग विरतात, आणि तिथून फार दूर नसलेल्या पुण्याला सातशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस मिळतो. कोकणचा पाऊस म्हणून बराच भरवशाचा असतो. मराठवाडा आणि विदर्भाचा मोठा पाऊस मात्र बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ती किती येतात आणि कोणत्या वाटेने जातात, यावर तिथले वर्ष ठरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पुराखाली होते, त्याच वेळी मराठवाड्यातल्या अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागत होते.

चार महिने पाऊस एकसारखा कधीच पडत नाही. राजस्थानातील श्रीगंगानगरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. हवामानाच्या बातम्यांत त्यालाच मान्सूनचा आस म्हणतात. तो मध्य भारतावर असला की देशाच्या मोठ्या भागात पाऊस लागून राहतो. तो हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की तिथे आणि ईशान्येला धो-धो पाऊस आणि बाकी देशात उघडीप, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत पावसाने दिलेली ओढ. उघडीप पाच-सात दिवसांत संपली तर बिघडत नाही, आंतरमशागतीला ती हवीच असते. ती दोन-तीन आठवडे लांबली की हलक्या जमिनीतली पिके माना टाकतात.

हे खंड का पडतात, याचा धागा १९८० मध्ये डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांची रोजची चित्रे तपासून शोधला. मूळच्या पुण्याच्या गाडगीळ यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्यभर मान्सूनवर काम केले. त्यांना दिसले की पावसाळ्यात भारतीय रेखांशावर एक नव्हे, दोन ढगपट्टे असतात. एक जमिनीवर, दुसरा विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रावर. दोघांत बाष्पासाठी चढाओढ चालते. समुद्रावरचा पट्टा जोरात असला की त्याच्या वर चढलेली हवा भारतावर खाली उतरते आणि जमिनीवरचा पट्टा मावळतो. मग दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने समुद्रावरच्या पट्ट्यातून एक ढगरांग सुटते, दिवसाला साधारण एक अंश या गतीने उत्तरेला चढते आणि जमिनीवरच्या मावळत्या पट्ट्यात नवा जीव भरते. ही ढगरांग वेळेवर निघाली नाही की खंड लांबतो. मान्सूनच्या लहरीपणाचे हे सर्वांत समाधानकारक चित्र आहे, कारण एकाच पट्ट्याच्या हालचालीतून ऋतूचे आगमन, त्यातले खंड आणि वर्षावर्षांतला फरक, तिन्ही समजू लागतात.

वर्षावर्षांतल्या फरकाचा सर्वांत मोठा सूत्रधार प्रशांत महासागर आहे. तिथे एरवी पूर्वेकडचे वारे पृष्ठभागावरचे उबदार पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. समुद्राचे तापमान साधारण २७.५ अंशांच्या वर गेले की त्याच्यावर उंच पावसाळी ढग सहज तयार होतात, म्हणून इंडोनेशियाच्या परिसरात हवा सतत वर चढते आणि दक्षिण अमेरिकेच्या बाजूला खाली उतरते. दर दोन ते सात वर्षांनी हे वारे मंदावतात, उबदार पाणी मध्य आणि पूर्व प्रशांताकडे पसरते, आणि हवा वर चढण्याची जागाही तिकडे सरकते. हाच एल निनो. वर चढलेली हवा कुठेतरी उतरावीच लागते. ती भारताच्या परिसरात उतरू लागली की इथल्या ढगांची वाढ खुंटते. याच्या उलट स्थिती म्हणजे ला निना, आणि ती बहुधा भारताला अनुकूल ठरते.

या नात्याचा पहिला सुगावा भारतातच लागला. १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेले गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर हे मान्सूनचा आगाऊ अंदाज देण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबांचे आकडे तपासत होते. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो आणि उलटही होते, असा झोका त्यांना आकड्यांत सापडला. त्याचे समुद्राच्या तापमानाशी असलेले नाते याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडले. वॉकर सिमल्याहून काम करत. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्याला आले, आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते.

१९७२, १९८७, २००२, २००९, २०१५ ही तुटीची वर्षे एल निनोचीच होती. तरीही एल निनो म्हणजे दुष्काळ, असा थेट हिशेब मांडता येत नाही. १९९७ आणि २००२ ही दोन वर्षे शेजारी ठेवून पाहावीत. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र घटनांपैकी एक होता. मोठ्या दुष्काळाची भीती व्यक्त झाली होती, पण पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, एल निनो त्यापेक्षा बराच सौम्य होता. हवामान खात्याचा अंदाज १०१ टक्क्यांचा होता. जून बरा गेला, पेरण्या झाल्या, आणि जुलैत देशात नेहमीच्या निम्म्याहून कमी पाऊस पडला. मोसमाअखेर आकडा ८१ टक्क्यांवर थांबला.

या कोड्याची दोन उत्तरे आहेत आणि ती एकमेकांना पूरक आहेत. पहिले, प्रशांतातले पाणी नेमके कुठे तापले होते? १९९७ मध्ये सर्वांत जास्त तापमानवाढ दूर पूर्वेला, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगत होती. २००२ मध्ये ती महासागराच्या मध्यभागी होती. मध्यभागी तापलेले पाणी हवेची चढण भारताच्या जास्त जवळ आणते, आणि तिची उतरती बाजू थेट भारतावर येते. दुसरे उत्तर हिंदी महासागराचे. त्याच्या पश्चिम भागात, आफ्रिकेच्या बाजूला, पाणी उबदार आणि सुमात्राजवळ थंड असले की ढग पश्चिमेला जमतात आणि भारताकडचा बाष्पप्रवाह वाढतो. ही स्थिती १९९९ मध्ये जपानमधील संशोधकांनी ओळखली. तिला हिंदी महासागराची धन द्विध्रुविता म्हणतात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले की या महासागरावरच्या ढगांचा पूर्व-पश्चिम झोका एल निनोच्या जोडीने पाहिला, तर टोकाच्या वर्षांचा उलगडा बराच चांगला होतो. १९९७ मध्ये तो भारताच्या बाजूने झुकलेला होता आणि २००२ मध्ये विरुद्ध. म्हणजे २००२ मध्ये दोन्ही महासागर एकाच वेळी प्रतिकूल होते.

एवढे कळले तरी सगळा फरक हिशेबात बसत नाही. समुद्राची तापमाने हळू बदलतात, म्हणून त्यांचा परिणाम काही महिने आधी सांगता येतो. पण उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे किती तयार होतील, ढगरांग कोणत्या आठवड्यात उत्तरेला निघेल, हे वातावरणाच्या अंतर्गत घडामोडींवर ठरते, आणि त्या दोन-तीन आठवड्यांपलीकडे कोणत्याच प्रारूपाच्या हाती लागत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये दिला जाणारा अंदाज देशभराच्या चार महिन्यांच्या बेरजेचा असतो, त्यातही चार-पाच टक्क्यांची चूक गृहीत धरलेली असते. एका तालुक्यात कोणत्या आठवड्यात पाऊस होईल, हे त्यातून निघत नाही.

२०२३ चे वर्ष या सगळ्याचा मेळ दाखवते. त्या वर्षी एल निनो बळावत होता. जुलैत तरीही सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस झाला. ऑगस्टमध्ये आस हिमालयाच्या पायथ्याशी पुन्हा पुन्हा सरकला, आणि १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तूट होती ३६ टक्क्यांची. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार झाला, उपसागरात कमी दाबाची क्षेत्रे तयार होऊ लागली, आणि त्या महिन्यात पुन्हा १३ टक्के जास्त पाऊस पडला. देशाची बेरीज ९४ टक्क्यांवर गेली, म्हणजे सरासरीच्या थोडीच खाली. पण महाराष्ट्रात सोयाबीन फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या अवस्थेत असताना ऑगस्ट कोरडा गेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.